गुडघ्याची वाटी दुसऱ्यांदा सरकली, आता खो-खो बंद करायचा का?

*माझी मुलगी चौदा वर्षांची, नववीत आहे. शाळेच्या खो-खो संघात खेळते. चार महिन्यांपूर्वी सरावात पळताना वळली आणि उजव्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकली. मैदानावरच्या एका पालकांनी पाय ओढून ती बसवली. एक्स-रे नॉर्मल आला, तीन आठवडे प्लास्टर होतं. ते निघाल्यावर आम्ही तिला पूर्ण आराम दिला, जिना चढू दिला नाही, खेळ तर बंदच. तरी दहा दिवसांपूर्वी घरात जमिनीवरून उठताना पुन्हा सरकली. या वेळी तिनं पाय सरळ करताच आपोआप बसली, म्हणून दवाखान्यात नेलं नाही. आता हे म्हणतात खेळ कायमचा बंद. सासूबाई मालिश करून नस बसवणाऱ्याकडे न्या म्हणतात, आणि ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत, मुलीची जात आहे म्हणून. सर म्हणतात नी-कॅप घालून पुढच्या महिन्यात जिल्ह्याला खेळू द्या. कोणाचं ऐकू?*

*एक आई, दक्षिण नागपूर*

ताई,

तुमच्या पत्रातली एक गोष्ट घरातल्या कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. दुसऱ्यांदा वाटी सरकली ती मैदानावर नाही, घरात. आणि तीही तुम्ही तिला जपत होतात तेव्हा. खेळ हेच एकमेव कारण असतं, तर खेळ बंद असताना हे व्हायला नको होतं. म्हणून ‘खेळू द्यायचं की नाही’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवू आणि आधी त्या गुडघ्यात काय झालंय ते बघू.

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला असलेल्या एका खाचेतून वरखाली सरकते, सरकत्या खिडकीचं तावदान रुळातून सरकतं तशी. गुडघा चांगला वाकलेला असतो तेव्हा वाटी खाचेत खोल बसलेली असते आणि सहसा हलत नाही. पाय जवळजवळ सरळ असतो, म्हणजे नुकताच थोडासा वाकलेला, तेव्हा ती खाचेच्या वरच्या तोंडाशी असते. तिथं तिला बाहेर जाण्यापासून अडवतं ते मुख्यतः आतल्या बाजूचं एक लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा चिवट पट्टा. पाऊल जमिनीवर रोवलेलं, गुडघा किंचित वाकलेला आणि वरचं अंग आतल्या बाजूला वळलेलं, असं एकाच वेळी झालं की वाटी बाहेर ढकलली जाते. खो-खोत हुलकावणी देताना पायाची स्थिती नेमकी अशीच असते. मांडी घालून बसलेली पोरगी कोणीतरी हाक मारली म्हणून अर्धवट उठता उठता वळते, तेव्हाही अशीच असते.

पहिल्यांदा वाटी निसटते तेव्हा हे आतलं लिगामेंट बहुतेक वेळा फाटतं किंवा ताणून सैल पडतं. एक्स-रेत हाडं दिसतात, लिगामेंट दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ याचा अर्थ हाड मोडलेलं दिसलं नाही एवढाच होतो.

आता आरामाबद्दल. पहिले तीन आठवडे गुडघा स्थिर ठेवला ते ठीकच होतं. अडचण त्यानंतर झाली. मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीला वरून धरून ठेवतो. गुडघ्यात सूज असली की तो आपोआप मंदावतो, आणि पाय बांधून ठेवला की झपाट्याने सुकतो. प्लास्टर निघाल्यावर तो परत कमवावा लागतो, आराम केल्यानं तो परत येत नाही. तुमच्या मुलीचं लिगामेंट आधीच सैल झालेलं होतं, त्यात स्नायूही गेला. मग जमिनीवरून उठण्याएवढं कारणही पुरलं. यात तुमचा दोष नाही. प्लास्टर काढताना ‘आता व्यायाम सुरू करा’ हे सांगायचं राहून जातं, असं माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पालकांच्या बाबतीत घडलेलं असतं.

माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः मोजून पाहा. शिवणकामाची टेप घ्या. मुलीला पाय लांब करून, सैल सोडून बसवा. दोन्ही पायांवर वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटर वर पेनानं खूण करा आणि तिथं मांडीचा घेर मोजा. उजवी मांडी दीड-दोन सेंटिमीटरनं बारीक भरली, तर काय गेलंय ते कळेल. मग तिला उताणी झोपवून, गुडघा अगदी ताठ ठेवून उजवा पाय वीतभर उचलायला सांगा. टाच वर येते पण गुडघा मध्येच थोडा वाकतो, असं दिसलं तर स्नायू अजून वाटीला नीट ओढत नाही. या परीक्षेत पास होईपर्यंत तिला जिल्ह्याच्या मैदानावर उतरवण्याची चर्चाही नको.

याच बैठकीत आणखी एक पाहून ठेवा. मनगट वाकवून अंगठा मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का? उभी असताना गुडघे मागे कमानीसारखे जातात का? दोन्ही गुडघे जुळवून उभी राहिली तर घोट्यांमध्ये बरंच अंतर राहतं का? सांधे मुळात लवचिक असणं, गुडघे आत झुकलेले असणं, वाटी नेहमीपेक्षा उंचावर असणं किंवा खाचच उथळ असणं, यांपैकी काही असेल तर वाटी पुन्हा सरकण्याची शक्यता जास्त. डॉक्टरांना हे आपणहून सांगा. घरात तुम्हाला किंवा मावशीला असं कधी झालं असेल तर तेही.

पुन्हा सरकली तर

पहिल्या वेळी मैदानावर पाय ओढला गेला, ते पुन्हा होऊ देऊ नका. वाटी आपली आपण बसत असेल तर ओढायची गरज नसते. बसत नसेल तर जोर लावल्यानं हाडाचा किंवा कूर्चेचा, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणाचा, तुकडा उडू शकतो. हे सरांना आणि तिच्या दोन-तीन मैत्रिणींनाही सांगून ठेवा, कारण त्या वेळी तुम्ही तिथं नसाल.

वाटी बाहेर असते तेव्हा गुडघा वाकलेला राहतो, समोर सपाट खळगा आणि बाहेरच्या बाजूला टेंगूळ दिसतं. मुलगी घाबरून पाय आवळून धरते, आणि मांडी आवळलेली असेपर्यंत वाटी परत येत नाही. म्हणून तिला आडवी करू नका. कोणीतरी मागून आधार देऊन अर्धवट बसती ठेवा. कंबरेतून वाकलेलं असलं की मांडीचा पुढचा स्नायू सैल पडतो. गुडघ्याखाली दप्तर, उशी, घडी केलेली चादर, जे मिळेल ते घाला. श्वास सावकाश घेऊ द्या. तिला स्वतःहून पाय हळूहळू सरळ करावासा वाटला तर टाचेला हाताचा नुसता आधार द्या, ढकलू नका. पुष्कळदा पाय सरळ होता होता वाटी आपसूक जागेवर येते आणि कळ एकदम उतरते.

नाही आली, किंवा तिला पाय हलवायचाच नसेल, तर तिथंच थांबा. पाय जसा आहे तसाच, खाली आधार देऊन, ओढण्या-दुपट्ट्यांनी सैलसर बांधून १०८ ला फोन करा. स्कूटीवर मध्ये बसवून न्यायचं नाही. दवाखान्यात वाटी बसवताना गुंगीचं औषध द्यावं लागू शकतं, म्हणून वाटेत चहा-बिस्किटं देऊ नका.

वाटी बसल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, पहिले दोन दिवस दर दोन-तीन तासांनी. बर्फ थेट कातडीवर नाही. या दिवसांत शेक, तेल, मालिश काहीही नाही, सूज वाढते. सासूबाईंना असं सांगा की नस सरकलेलीच नाही, आतला पट्टा फाटलाय, आणि फाटलेलं चोळून जुळत नाही. उगाच वाद नको. मालिशवाल्याकडे नेल्यानं बरं वाटलेल्या ज्यांच्या गोष्टी त्या सांगतील, त्यांतल्या पुष्कळांची वाटी आधीच आपली आपण बसलेली असणार.

वाटी आपोआप बसली म्हणून दवाखाना टाळला, हा तुमच्या पत्रातला एकच निर्णय मला खटकला. वाटी बाहेर जाताना किंवा परत येताना खाचेच्या कडेवर आपटते आणि कूर्चेसकट हाडाचा छोटा तुकडा सुटू शकतो. तो आतच फिरत राहतो. गुडघा दोन-तीन तासांत फुग्यासारखा सुजला (म्हणजे आत रक्त साचलं), मध्येच अडकू लागला, किंवा पूर्ण सरळ होईना, तर अशा तुकड्याची शंका येते आणि एमआरआय लागतो. दहा दिवस झाले असले तरी या आठवड्यात तिला हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. खासगी परवडत नसेल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, कुठेही अस्थिरोग विभागात. पाऊल गार, पांढरं किंवा बधिर पडलं, तर मात्र वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला निघायचं. तिथं प्रश्न वाटीचा राहत नाही, रक्तपुरवठ्याचा होतो.

व्यायाम, आणि कोणत्या क्रमाने

डॉक्टरांनी तुकडा सुटलेला नाही असं सांगितलं की व्यायाम लगेच सुरू होतो. तिच्या वयाची मुलगी पहिल्या दिवशी उत्साहात सगळं करते आणि चौथ्या दिवशी विसरते, म्हणून वेळ बांधून द्या, दात घासण्याला जोडून.

पहिला टप्पा गादीवरचा. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची आणि गुडघ्यानं ती खाली दाबायची. मांडी दगडासारखी घट्ट झाली पाहिजे. वाटीच्या आतल्या बाजूला वर जो स्नायू फुगतो, त्यावर बोट ठेवून पाहा, तो हलला नाही तर दाब चुकीचा आहे. पाच सेकंद धरायचं, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग पाय ताठ करून वीतभर उचलणं. आधी गुडघा कुलूपबंद, मगच उचल, दहाचे तीन फेरे. बरेच जण इथंच थांबतात, कारण ‘गुडघ्याचा त्रास म्हणजे गुडघ्याचा व्यायाम’ अशी समजूत असते. पण वाटी बाहेर जाते तेव्हा मांडी आत वळलेली असते, आणि मांडीला आत वळू न देणारे स्नायू कुल्ह्याचे. म्हणून डाव्या कुशीवर झोपून उजवा पाय वर उचलणं. गुडघे वाकवून, टाचा एकत्र ठेवून वरचा गुडघा उघडणं. उताणं झोपून कंबर उचलून धरणं. हे तीनही तितकेच आवश्यक आहेत. आतल्या बाजूचा तो एकच स्नायू वेगळा काढून कमावता येतो, असं काही जण सांगतात. तसं घडत नाही. मांडीचा सगळा पुढचा स्नायू एकत्रच कमावला जातो, बोट ठेवायचं ते फक्त तो जागा झाला का हे कळण्यासाठी.

हे जमू लागलं, सूज उतरली आणि उजवा पाय डाव्याइतकाच पूर्ण सरळ होऊ लागला, की उभ्याचे व्यायाम. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात. भिंतीला पाठ लावून थोडंसं खाली सरकणं, खुर्चीत बसायला जितकं खाली जातो त्याच्या निम्मंही नाही. एका पायावर तीस सेकंद उभं राहणं. आणि सर्वांत उपयोगाचा, पायरीवरचा व्यायाम: साधारण वीतभर उंच पायरीवर उजव्या पायावर उभं राहून डावी टाच सावकाश जमिनीला टेकवायची आणि परत वर. समोर कपाटाचा आरसा ठेवा. खाली जाताना उजवा गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो की आत झुकतो? सुरुवातीला झुकणारच. कंबर सरळ ठेवून, कमी उंचीवर, हळू करायला सांगा. झुकण्याचं प्रमाण आठवड्यागणिक कमी व्हायला हवं. तिला स्वतःला आरशात चूक दिसते, म्हणून या वयाच्या मुली हा व्यायाम आवडीनं करतात.

किती करायचं याची खूण दुसऱ्या दिवशी सकाळी मिळते. गुडघा फुगलेला दिसला किंवा लंगडत उठली, तर काल जास्त झालं. दोन दिवस मागच्या टप्प्यावर या, पूर्ण बंद करू नका.

घरातल्या हालचालींचंही थोडं बघा. मांडी घालून बसण्यापेक्षा उठण्याची पद्धत महत्त्वाची. पाऊल जमिनीवर रोवून अंग वळवायचं नाही. आधी सरळ उभं राहायचं, मग पाऊल उचलून वळायचं. पहिले काही आठवडे अभ्यास टेबलावर, वज्रासन नाही, शक्य असेल तर उंच कमोड. सायकल चालते, सीट उंच ठेवून. फक्त ट्यूशनला जाताना पाय टेकवून झटक्यात वळण्याची जी सवय असते, ती सोडायची.

नी-कॅपबद्दल सर अर्धे बरोबर आहेत. वाटीसाठी मध्ये भोक आणि बाहेरच्या बाजूला जाड पट्टी असलेली मिळते. ती धीर देते, खेळाकडे परतताना सुरुवातीला उपयोगी पडते. सैल लिगामेंटची जागा ती घेत नाही. साध्या लवचिक नी-कॅपमधून वाटी आरामात सरकते.

ऑपरेशन

पहिल्यांदा वाटी सरकलेल्यांपैकी साधारण तीनांतल्या एकाला ती पुन्हा सरकते. दुसऱ्यांदा सरकल्यावर तिसऱ्या वेळेची शक्यता आणखी वाढते, निम्म्याच्या आसपास जाते. लहान वय आणि उथळ खाच असेल तर त्याहून जास्त. व्यायामानं स्नायू येतो, खाच खोल होत नाही आणि फाटलेलं लिगामेंट शिवलं जात नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणून दुसऱ्या प्रसंगानंतर ऑपरेशनचा विषय डॉक्टरांपुढे काढायलाच हवा, आणि ‘आधी नीट व्यायाम करून बघू’ हेही तितकंच रास्त उत्तर असू शकतं. तिनं अजून एकदाही नीट व्यायाम केलेला नाही, त्यामुळे माझा कौल आधी तीन-चार महिने व्यायामाला. अर्थात आत तुकडा सुटलेला असेल तर हा हिशोब लागू नाही.

डॉक्टरांना विचारा: वाटीचा खालून काढलेला एक्स-रे आणि एमआरआय लागेल का? खाच उथळ आहे का? वाटी उंच आहे का? तिच्या गुडघ्याजवळच्या वाढीच्या पट्ट्या बंद झाल्या आहेत का? या शेवटच्या प्रश्नावर बरंच अवलंबून असतं. तिच्याच शरीरातला एक बारीक स्नायुबंध काढून आतलं लिगामेंट नवं बांधतात, आणि वाढ बाकी असेल तर वाढीची पट्टी टाळून. नडगीच्या हाडावरच्या, वाटीचा पट्टा जोडलेल्या उंचवट्याची जागा बदलण्याचं मोठं ऑपरेशन मात्र वाढ पूर्ण झाल्याशिवाय करत नाहीत. कोणतंही ऑपरेशन झालं तरी पुढचे कित्येक महिने हेच व्यायाम करावे लागतात, त्यामुळे आता केलेली मेहनत वाया जात नाही.

राहिली सासूबाईंची काळजी. गुडघ्यावरचे दोन-तीन छोटे व्रण लग्नात आड येतील, असं मला वाटत नाही. वारंवार सरकणाऱ्या वाटीनं कूर्चा झिजते आणि मुलीला पुढे जिना उतरताना गुडघा धरावा लागतो, हे त्यांना सांगितलं तर जास्त पटेल. हा विषय त्यांच्याशी मुलीसमोर काढू नका, एवढंच. तिला आधीच आपला पाय ‘खराब’ झालाय असं वाटत असणार.

पुढच्या महिन्यातला जिल्हा सोडून द्या. यजमानांनाही सांगा की ‘कायमचा बंद’ हा निर्णय आज घ्यायची गरज नाही. चार महिन्यांनी मांडीचा घेर दोन्हीकडे जवळपास सारखा असेल, सूज नसेल, उजव्या पायावरची लंगडी डाव्याच्या नव्वद टक्के अंतर जात असेल आणि पायरी उतरताना गुडघा आत झुकत नसेल, तर ती सरावाला जाऊ शकते. परतण्याचा क्रम सरांना लिहून द्या. आधी सरळ धावणं, मग उडी मारून दोन्ही पायांवर मऊ उतरणं, मग सावकाश नागमोडी पळणं, मग बसून उठून ‘खो’. हुलकावणी आणि खांबाला झटक्यात वळसा सगळ्यात शेवटी, आणि उजवा पाय रोवून वळण्याचं सरांनी आधी निम्म्या वेगात करून घ्यायचं. ती एकदाही ‘निसटेल असं वाटतंय’ म्हणाली, तर त्या दिवशीचा सराव तिथंच थांबवायचा आणि मागच्या टप्प्यावर जायचं.